दर जुलैत परत येणाऱ्या चिखल्या

प्रश्न: मी हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर आहे, वय 34. बारा तासांची शिफ्ट, पायात सेफ्टी शूज आणि जाणं-येणं गाडीवर. पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत दोन्ही पायांच्या करंगळीजवळच्या बेचक्यात कातडी पांढरी होते, खाज सुटते, भेग पडते, वास येतो. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवसांत बरं वाटते, बंद केली की परत. हे तिसरं वर्ष आहे. आई म्हणते चिखल्या आहेत, मेंदी लाव. नेमकं काय करू?

उत्तर: तुमच्या आईनं निदान बरोबर केलंय. आपल्याकडे धानाच्या बांधीत रोवणीला उतरणाऱ्या बायांना दर पावसाळ्यात व्हायच्या त्या चिखल्या याच. फरक इतकाच की त्यांचे पाय चिखलात भिजायचे आणि तुमचे बुटात भिजतात. मेंदीबद्दल पुढे सांगतो. आधी ही तक्रार करंगळीजवळच का होते ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ही पायाची सगळ्यात चिकटून असलेली जोडी. अंगठ्याजवळच्या बेचक्यात हवा शिरते, इथे शिरत नाही. वर बूट पुढून निमुळता असला तर ती दोन बोटं आणखी दाबली जातात. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो पाणी शोषतो. तासभर धुणं धुतल्यावर बोटांची कातडी कशी पांढरी आणि मऊ पडते, तेच इथे बारा तास चालतं. फुगलेली ती कातडी बुरशीला मऊ भाकरीसारखी मिळते. ही बुरशी गजकर्णाच्याच कुळातली आहे, आणि ती राहते त्या मेलेल्या थरातच. तिथे रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून शरीराची फौज तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

आता "दर जुलैत होते" याचा अर्थ. पेशंटला वाटतं की दरवर्षी पावसाच्या घाण पाण्यातून नवीन लागण होते. तसंही होतं, नाही असं नाही. पण तीन वर्षं त्याच दोन बेचक्यांत, तेही पाऊस लागल्यावर आठ-दहा दिवसांत येत असेल, तर बहुतेक वेळा ती बुरशी पाय सोडून गेलेलीच नसते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकतो तेव्हा, कातडी इतकी कोरडी असते की बुरशीला हातपाय पसरता येत नाहीत. ती तळव्याच्या कडेला पिठासारख्या कोंड्यात, एखाद्या जाड झालेल्या नखात, नाहीतर बुटाच्या इनसोलमध्ये पडून राहते. तुम्हाला वाटतं बरं झालं. जूनअखेर हवा दमट झाली की ती पुन्हा कामाला लागते.

तुमच्यासारखीच गोष्ट असलेला एक माणूस मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आला होता. रात्रपाळीचा सुरक्षा रक्षक, वय 46. रोज सायकलनं ड्युटीवर जायचा. रस्त्यात एका पुलाखाली पाणी साचायचं, त्यातून सायकल ढकलत न्यायची आणि मग ओल्या मोज्यांवर सकाळपर्यंत बूट. पिशवीतून त्यानं तीन ट्यूबा काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "डाक्टरसाहेब, खाज तं दोन दिवसांतच जाते, पण रोग काही जात नाही."

तिन्ही ट्यूबांवरचं बारीक अक्षर मी भिंग लावून वाचलं. दोन ट्यूबांत क्लोबेटासॉल होतं, एकीत बीटामेथासोन. ही स्टेरॉईडं. सोबत बुरशीचं औषध, एक-दोन जंतुनाशकं, अशी चार-पाच औषधांची मिसळ. स्टेरॉईड लालसरपणा आणि खाज दोन दिवसांत दाबतं, म्हणून माणूस खूश होतो. पण खाज म्हणजे कातडीनं बुरशीविरुद्ध केलेला आरडाओरडाच. तो बंद केला की बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय बेचक्यातली कातडी पातळ होते आणि भेगा लवकर पडतात. तुमची "चार दिवसांत बरं, बंद केली की परत" ही तक्रार ऐकून मला पहिला संशय याच ट्यूबेचा येतो. आज घरी गेलात की मागची बाजू वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ती ट्यूब आता बेचक्यात लावू नका. एक सांगून ठेवतो. ती बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस खाज आधीपेक्षा जास्त वाटू शकते. याच दिवसांत बहुतेक लोक पुन्हा तिच्याकडे वळतात.

त्या रक्षकाचे पाय पाहिले तर उजवा आणि डावा वेगळे होते. उजव्या पायाच्या बेचक्यात कातडी कोरडी, कडेला पापुद्रे, थोडी खाज. डाव्यात मात्र कातडी पांढरी, गळलेल्या कागदासारखी, मधोमध लाल भेग, कुजट वास आणि हात लावला की आग. दोन्हीकडून थोडं खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या थेंबात ठेवून पाहिलं. उजव्यात बुरशीचे फांद्या फुटलेले धागे स्वच्छ दिसले. डाव्यात, जिथे त्रास जास्त, तिथे धागा मुश्किलीनं एक सापडला. नव्या डॉक्टरांना याचं आश्चर्य वाटतं. पण बेचकं जितकं ओलं होत जातं, तितके तिथे जिवाणू माजतात आणि बुरशी मागे पडते. दार बुरशीनं उघडलं, घरात जिवाणू घुसले, असा प्रकार. म्हणून पांढऱ्या, ओल्या, वास येणाऱ्या बेचक्यात नुसतं बुरशीचं मलम चोपडून काम होत नाही. मलमात स्वतःचा ओलावा असतो, तो त्यात भर घालतो. आधी बेचकं सुकवायचं, मग औषध लावायचं. तुमच्या वर्णनावरून तुमचे पायही आज या ओल्या अवस्थेतच आहेत.

सुकवण्यासाठी मी त्याला पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय ठेवायला सांगितले. हे जुनं, स्वस्त औषध आहे, फक्त प्रमाण सांभाळावं लागतं. याची 400 मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती 4 लिटर पाण्यात एक. खडे मिळाले तर चिमूटभर नाही, दोन-तीन बारीक खडे आधी वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळवायचे आणि त्यातलं थोडं थोडं टबात टाकत जायचं. पाणी फिकट गुलाबी झालं की थांबा. गडद जांभळं झालं तर ते कातडी भाजतं, आणि न विरघळलेला खडा पायाखाली आला तर जखमच करतो. त्यात 10 मिनिटं पाय, दिवसातून एक-दोनदा, फक्त तीन-चार दिवस. नखं तपकिरी होतात, काही दिवसांनी रंग जातो. टब प्लॅस्टिकचा जुना घ्या, बायकोचा चांगला घमेला घेऊ नका. बेचकं कोरडं झालं की हे बंद. पुढे चालू ठेवलं तर कातडी तडकते.

आता पुसण्याबद्दल थोडं खोलात सांगतो. मी पेशंटला माझ्यासमोर पाय पुसायला लावतो आणि दहातले नऊ जण टॉवेल तळव्यावर आणि वरून फिरवतात. बेचकं तसंच ओलं राहतं. जाड टर्किश टॉवेल त्या दोन बोटांत शिरतच नाही. जुन्या सुती धोतराची किंवा पंचाची वीतभर पट्टी करा. एका हातानं करंगळी बाजूला ओढा, पट्टी बेचक्यात घाला आणि टिपा. बूट पॉलिश केल्यासारखं मागेपुढे घासू नका, भेग उघडते. मग दोन-तीन मिनिटं बोटं फाकवून पंख्याखाली बसा. घरात हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर, वीतभर दूर धरून. मधुमेह असलेल्यानं गरम हवा अजिबात वापरू नये, पायाची जाणीव कमी झाली असेल तर भाजलेलं कळत नाही. ही पट्टी रोज धुवायची आणि तिनं दुसरं अंग पुसायचं नाही. पायाची बुरशी जांघेत जाण्याचा ठरलेला रस्ता म्हणजे एकच टॉवेल. दुसरा रस्ता म्हणजे उघड्या पायावरून चड्डी वर ओढणं. मोजे आधी घाला, चड्डी नंतर. हसू येईल, पण करा.

बोटं फारच चिकटून असतील तर रात्री झोपताना बेचक्यात गॉझची किंवा सुती कापडाची पातळ घडी ठेवा, बोटं एकमेकांपासून सुटी राहतील इतपत. कापूस नको, तो भेगेला चिकटतो. पावडरीचं म्हणाल, तर साधी टाल्कम पावडर ओल्या बेचक्यात टाकली की तिचा लगदा होतो आणि तो लगदाच कातडीला घासतो. पावडर कोरड्या पायावर आणि बुटाच्या आत वापरा, तीही बुरशीविरोधी असेल तर बरी. खोबरेल तेल बेचक्यात घालू नका, ते ओल आत कोंडून ठेवतं.

आणि मेंदी. ताज्या पानांचा लेप सुकताना बेचकं कोरडं करतो, त्यामुळे आराम पडतो हे खरं आहे, आईचा अनुभव खोटा नाही. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कातडी रंगली की आतला लालसरपणा वाढतोय की कमी होतोय हे ना तुम्हाला दिसत ना मला. दुसरं, बाजारातल्या झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपाचं रसायन असतं आणि भेगेवर ते लागलं तर पाय सुजून येतो. अंगणातल्या झाडाची पानं असतील आणि भेग नसेल तर आईचं मन राखा. पण ती बुरशी मारेल म्हणून औषध टाळू नका.

रक्षकाचा डावा पाय पाचव्या दिवशी कोरडा झाला. वास गेला, भेग भरत आली. तेव्हा टर्बिनाफिन 1 टक्का क्रीम सुरू केलं, नुसतं, कुठल्याही मिसळीशिवाय. दिवसातून दोनदा. बेचक्यातल्या बुरशीला हे एक आठवडा पुरतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. बारा तास बुटात असणाऱ्या माणसाला मी दोन आठवडे लावायला सांगतो. तुम्हाला क्लोट्रिमाझोल 1 टक्का मिळालं तर तेही चालतं, स्वस्त आहे, पण ते दिवसातून दोनदा पूर्ण चार आठवडे लावावं लागतं, आणि तेवढा धीर फार कमी लोकांना असतो. ल्युलिकोनाझोल दिवसातून एकदाच, दोन आठवडे. यातलं कोणतंही एक घ्या. सगळी एकदम नकोत आणि दर तीन दिवसांनी बदलणंही नको.

किती लावायचं? एका पायाला हरभऱ्याच्या दाण्याएवढं. बेचक्यात पांढरा थर दिसतोय म्हणजे जास्त झालं, त्यानं पुन्हा ओल धरते. पूर्ण मुरेपर्यंत चोळा. आणि फक्त खाजणाऱ्या बेचक्यात लावून थांबू नका. चारही बेचकी, बोटांच्या खालची बाजू आणि चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर दोन बोटं रुंद पट्टा, इथपर्यंत न्या. बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे पसरलेली असते. मलम लावून लगेच मोजे चढवू नका, दहा मिनिटं जाऊ द्या. लावून झालं की हात साबणानं धुवा.

सातव्या-आठव्या दिवशी त्याची खाज गेली आणि त्यानं मलम बंद केलं. हे त्यानं नाही सांगितलं, त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं. खाज जाते तेव्हा वरची बुरशी कमी झालेली असते, आतल्या थरातले धागे जिवंत असतात. मी त्याला पुन्हा सुरू करायला लावलं आणि कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला गोल करून दिला. खाज कधी थांबली ते बघू नका, गोल केलेली तारीख बघा, एवढंच सांगितलं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात कठीण भाग बुटांचा आहे. सेफ्टी शूज कंपनी एकच जोड देते आणि भिजलेला तो बूट आतून सुकायला निदान 24 तास लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. माझा सल्ला असा की गाडीवर सेफ्टी शूज घालूच नका. फ्लोटर्स घालून जा, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत. कंपनीत पोचल्यावर पाय धुऊन, त्या पट्टीनं टिपून, कोरडे मोजे घालून मग बूट घाला. रेनकोटची पँट बुटात खोचणारे लोक मी पाहिलेत, सगळं पाणी थेट आत. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला. सुती मोजा घाम शोषतो पण एकदा भिजला की ओलाच राहतो, म्हणून बॅगेत दोन जादा जोड असू द्या. बूट दुसरा मिळणार नसेल तर इनसोलचे दोन जोड घ्या. रोज संध्याकाळी इनसोल बाहेर काढून पंख्याखाली, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, आणि ते बोळे झोपताना एकदा बदला. मोजे साध्या थंड पाण्यात धुतले तर बुरशी मरत नाही. 60 अंशांच्या वर गरम पाण्यात भिजवा. ऊन नाही म्हणून दोरीवर दमट राहिलेला मोजा घालण्यापूर्वी, कापड सोसत असेल तर, इस्त्री फिरवून घ्या.

रक्षकाची गोष्ट इथे संपली असती, पण त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि खालून भुसा भरल्यासारखं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, सायकलच्या पायडलनं लागलं होतं, दहा वर्षं झाली. कातरून तपासलं तर त्यात बुरशी निघाली. बेचकं दरवर्षी कुठून पेरलं जात होतं ते कळलं. असल्या नखात मलम उतरत नाही. रक्ताची तपासणी, यकृत ठीक असल्याची खात्री, दुसरी कोणती औषधं चालू आहेत याची विचारपूस, आणि मग टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 12 आठवडे. ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं घ्यायची नाही. नख तर तीन महिन्यांत नवं दिसतही नाही, अंगठ्याचं पूर्ण नख उगवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. याच धावपळीत त्याची उपाशीपोटीची साखरही तपासली, ती 168 निघाली. त्याला माहीतच नव्हतं. मधुमेह असला की चिखल्या जास्त ओल्या आणि जास्त चिवट होतात. तुम्ही 34 चे आहात, तरी तिसऱ्या वर्षी एकदा साखर बघून घ्यायला हरकत नाही.

यंदाच्या जुलैत तो पुन्हा आला, एका बेचक्यात थोडा कोंडा घेऊन. दोन आठवड्यांच्या मलमात आटोपलं. पाण्यातून जाणं त्याला चुकवता येत नाही, त्यामुळे पुढच्या जुलैतही तो येईल असं मला वाटतं.

काही गोष्टी मात्र चिखल्या समजून घरी बसण्यासारख्या नसतात. भेगेपासून पायाच्या वरच्या बाजूला लाली सरकतेय, पाऊल गरम आणि सुजलेलं आहे, जांघेत गाठ दुखतेय, थंडी वाजून ताप आलाय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बेचक्यातल्या भेगेतून जिवाणू आत शिरून अख्खा पाय सुजतो, त्याला सेल्युलायटिस म्हणतात आणि त्याला पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं. बेचक्यात हिरवट छटा आणि उग्र वास असेल तर तो वेगळा जिवाणू, त्यावर बुरशीचं मलम चालत नाही. जांघेत किंवा कमरेवर गोल गजकर्णही असेल तर फक्त पायाचा उपचार करून उपयोग नाही. आपल्याकडे आता अंगावरचं गजकर्ण टर्बिनाफिनला दाद देईनासं झालेलं बरंच दिसतं, तिथे औषध वेगळं ठरवावं लागतं.

वर सांगितल्याप्रमाणे चार दिवस सुकवून आणि दोन आठवडे एकच मलम लावून फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कधीकधी ती बुरशी नसतेच. दोन बोटांमधलं मऊ कुरूप, बुटाच्या रबराची ॲलर्जी किंवा बेचक्यात तपकिरी डाग पाडणारा एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूंचा संसर्ग, हे सगळे चिखल्यांचं सोंग घेतात. जाण्यापूर्वी आठवडाभर तरी पायाला कोणतंही मलम लावू नका, नाहीतर खरवडून घेतलेल्या कातडीत काही सापडत नाही. घरातल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, सोबत घेऊन जा. आणि जमलं तर बूटही.